मायनस फाइव्हच्या त्या दोन प्लेट्स

«मॅडम, दुधातल्या बॅक्टेरियाच्या काउंटचं प्रॅक्टिकल गणपतीच्या सुट्टीआधी झालं. माझं उत्तर मिलिलिटरला १,९८,५०,००० आलं आणि अख्ख्या बॅचचं उत्तरही दोन कोटींच्या आसपासच आहे. गणित बरोबर आहे, तक्ता नीट आहे, तरी मला २० पैकी ११. शेजारच्या टेबलवरच्या मुलीचं उत्तर चुकलंय, तिने तसं लिहूनही दिलंय, आणि तिला १६! मायनस फाइव्हच्या दोन प्लेट्स कंटॅमिनेट झाल्या होत्या, म्हणून मी त्या तक्त्यात घेतल्या नाहीत. चुकलेली रीडिंग्ज लिहायची नसतात ना? माझे नऊ मार्क नेमके कुठे गेले?
— एस.वाय.बी.एस्सी., मायक्रोबायोलॉजी, पुणे»

नऊपैकी पाच त्या दोन प्लेट्सचे गेले, तीन पिपेटचे आणि एक शेवटच्या आकड्याचा. शेजारच्या मुलीचं जर्नल मी इथे उघडणार नाही, ते तिचं आहे. तुझं जर्नल आणि तुझी रफ बुक मात्र आत्ता माझ्यासमोर आहेत, आणि काल संध्याकाळी फ्रीजमधून तुझ्या प्लेट्सही काढून पाहिल्या. सुट्टीमुळे त्या अजून दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायला, ऑटोक्लेव्हला, गेल्या नव्हत्या, हे बरं झालं.

हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांनी लॅब पाहिलेली नसते, म्हणून आधी त्यांच्यासाठी थोडं. सुट्या कच्च्या दुधात बॅक्टेरिया इतके असतात की ते थेट प्लेटवर पसरले तर नुसता पांढरट थर दिसतो, मोजायला काही उरत नाही. म्हणून १ मिलिलिटर दूध ९ मिलिलिटर निर्जंतुक सलाइनमध्ये घालायचं. ही झाली दहापट पातळ, म्हणजे मायनस वनची ट्यूब. तिच्यातलं १ मिलिलिटर पुढच्या ९ मिलिलिटरमध्ये घातलं की मायनस टू. असं मायनस सिक्सपर्यंत जायचं. मग प्रत्येक ट्यूबमधलं ०.१ मिलिलिटर अगार या जेलीसारख्या माध्यमाच्या दोन-दोन प्लेट्सवर पसरायचं आणि ३७ अंशांवर २४ तास ठेवायचं. प्लेटवर पडलेल्या एकेका बॅक्टेरियाची, किंवा चिकटून पडलेल्या पुंजक्याची, एकेक कॉलनी, म्हणजे डोळ्यांना दिसणारा ठिपका, होते. ३० ते ३०० कॉलन्या असलेली प्लेट मोजण्याजोगी धरतात. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा वाटा फार मोठा होतो. त्याहून जास्त असतील तर कॉलन्या एकमेकींत मिसळतात, एकमेकींचं अन्न खातात आणि मोजणी खरी राहत नाही.

आता तुझी रफ बुक. मायनस थ्री: दोन्ही प्लेट्स «मोजता येत नाहीत». मायनस फोर: २०७ आणि १९०. मायनस फाइव्ह: ६१ आणि ५४. मायनस सिक्स: ५ आणि ७. नुसत्या सलाइनची कंट्रोल प्लेट: शून्य. सगळं त्याच दिवशी, त्याच पेनने लिहिलेलं आहे आणि खाली माझी सही आहे. जर्नलमध्ये मात्र मायनस फोर तेवढी उरली आहे. बाकी ओळी नाहीत, आणि त्या का नाहीत याचं एक वाक्यही नाही. जर्नल वाचणाऱ्याला वाटेल की तू दोनच प्लेट्स घातल्या होत्यास.

तू म्हणतेस, त्या प्लेट्स कंटॅमिनेट होत्या. कशावरून? मायनस फोरला सरासरी २०० आहेत, तेव्हा मायनस फाइव्हला २० यायला हव्यात आणि आल्या ५८, एवढ्यावरूनच ना? आकडा अपेक्षेबाहेर गेला याची ती खूण झाली, कंटॅमिनेशनची नव्हे. हवेतलं कंटॅमिनेशन बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतं. या दिवसांत पुण्याच्या दमट हवेत झाकण जरा जास्त वेळ उघडं राहिलं की कडेला कापसासारखी बुरशी येते, नाहीतर एखादी पिवळी किंवा गुलाबी कॉलनी उपटसुंभासारखी भलत्याच जागी बसलेली असते. तुझ्या दोन्ही प्लेट्सवर तसलं काही नाही. मायनस फोरवर आहेत तशाच गोल, मळकट पांढऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या कॉलन्या आहेत आणि सगळीकडे सारख्या पसरलेल्या आहेत. त्या दुधातूनच आलेल्या आहेत.

पहिल्यांदा हे बघ की ६१ आणि ५४ एकमेकांशी जुळतात. त्या दोन प्लेट्स तू वेगवेगळ्या पसरल्यास. पसरताना किंवा ०.१ मिलिलिटर घेताना एखाद्या प्लेटला हात चुकला असता, तर एक ५८ आणि दुसरी २० आली असती. दोन्ही सारख्याच चुकल्या आहेत, म्हणजे चूक प्लेटच्या आधीची, दोघींच्या सामाईक मुळाशी, मायनस फाइव्हच्या ट्यूबमध्येच आहे. आणि हा योगायोगही नव्हे. अशा मोजणीत अपेक्षित संख्येच्या वर्गमुळाएवढा चढउतार नेहमीचा असतो. २० चं वर्गमूळ साधारण साडेचार, त्याच्या दुपटीपर्यंत गेलं तरी ११ ते २९ इथवर मी नशिबाला धरीन. लागोपाठ दोनदा साठाच्या घरात जायला नशीब पुरत नाही.

मग मायनस सिक्सकडे बघ. ५ आणि ७. एकेकटा हा आकडा फार लहान आहे, त्याच्यावर काही उभं करता येत नाही, पण इथे तो साक्षीला येतो. मायनस फाइव्हच्या ट्यूबमध्ये खरोखरच तिपटीने बॅक्टेरिया होते असं धरलं, तर पुढच्या ट्यूबमध्येही दोनाच्या जागी सहाच यायला हवेत. तसेच आलेत. समजा सलाइनच खराब असतं, तर प्रत्येक ट्यूबमध्ये साधारण सारखीच भर पडली असती आणि मायनस सिक्सलाही चाळीसेक कॉलन्या दिसल्या असत्या. शिवाय कंट्रोल प्लेट कोरी राहिली नसती. वाढ दहापटीने उतरते आहे, म्हणजे ती एकाच ट्यूबमध्ये, एकदाच शिरली.

हा फरक मला पुस्तकाने शिकवला नाही. शिकवायला लागण्याआधी मी काही काळ एका डेअरीच्या तपासणी लॅबमध्ये होते. तिथे वरच्या डायल्यूशनच्या, म्हणजे जास्त पातळ ट्यूबच्या, प्लेट्स तीन दिवस जास्त येत होत्या आणि तीनही दिवस आम्ही त्या «कंटॅमिनेशन» म्हणून काढून टाकल्या. वहीत नोंद नाही, त्यामुळे दुसऱ्या पाळीतल्यांना तेच दिसतंय हे आम्हाला कळलं नाही आणि आमचं त्यांना. चौथ्या दिवशी कोणीतरी नुसतं सलाइन प्लेटवर टाकून पाहिलं. सलाइनची अख्खी बॅच ऑटोक्लेव्हमध्ये नीट तापलीच नव्हती. टाकलेल्या प्लेट्सचे आकडे तीन दिवस एकाखाली एक लिहिले असते, तर पहिल्या संध्याकाळीच समजलं असतं. त्या तीन दिवसांत ज्यांचं दूध परत पाठवलं गेलं, त्यांचं काय झालं हे मला अजून आठवत राहतं. म्हणून तुझ्या तक्त्यातल्या गायब ओळींवर मी पाच मार्क कापले, एक किंवा दोन नाही.

आता पिपेट. रफ बुकच्या त्याच पानावर, अगदी खाली, तुझ्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: «पिपेट संपले, मायनस टूचं परत घेतलं, ४ ते ५ ला.» म्हणजे मायनस टूला वापरलेलं पिपेट तू मायनस फोरमधून मायनस फाइव्हमध्ये घालायला परत वापरलंस. जर्नलमधल्या पद्धतीत याचं झालं «निर्जंतुक पिपेटने क्रमाने विरलन केले».

ती पेन्सिलची ओळ मला तुझ्या पूर्ण जर्नलपेक्षा मोलाची वाटली, म्हणून तिच्यावर जरा हिशोब करू. मायनस फोरच्या प्लेटवर ०.१ मिलिलिटरमधून २०० कॉलन्या आल्या, म्हणजे त्या ट्यूबमध्ये मिलिलिटरला २,००० बॅक्टेरिया. मायनस टूची ट्यूब तिच्या शंभरपट दाट, म्हणजे मिलिलिटरला २ लाख. आता मायनस फाइव्हच्या ट्यूबमध्ये जादा किती आले ते काढ. प्लेटवर २० च्या जागी ५८, म्हणजे ०.१ मिलिलिटरमागे ३८ जादा. अख्ख्या १० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये ते झाले ३,८००. हे ३,८०० मायनस टूच्या द्रवातून यायचे असतील तर तो द्रव किती लागेल? ३,८०० भागिले २ लाख, म्हणजे ०.०१९ मिलिलिटर. पिपेटच्या टोकाला लोंबणारा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे अर्ध्या थेंबाहूनही कमी. काचेचं पिपेट रिकामं केल्यावर त्याच्या आतल्या भिंतीला आणि टोकात जो ओलावा राहतो, तो सहज एवढा भरतो.

तुझ्या त्या दोन प्लेट्सनी तुझ्या पिपेटमध्ये राहिलेला ओलावा मोजून दाखवला. प्रत्येक ट्यूबला नवीन पिपेट घ्या हे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मुलं मान हलवतात. पण ते का, हे आकड्यानिशी दाखवणारं इतकं स्वच्छ उदाहरण मला या वर्षी तुझ्याच टेबलवर मिळालं, आणि ते जर्नलमध्ये नाही.

मी हे ठामपणे म्हणते आहे, पण आणखी एक शक्यता तपासल्याशिवाय तसं म्हणायचा मला हक्क नाही. कदाचित मायनस फाइव्ह बरोबर असेल आणि मायनस फोर चूक! दुधातले बरेच बॅक्टेरिया साखळ्यांनी किंवा घोसांनी राहतात. ट्यूब नीट हलवली नाही तर दहा जणांचा पुंजका एकच कॉलनी देतो. पुढच्या ट्यूबमध्ये जोराने हलवलं की तो सुटतो आणि कॉलन्या वाढतात. म्हणूनच आपण उत्तर «इतके बॅक्टेरिया» असं न लिहिता सीएफयू, म्हणजे कॉलनी तयार करणारे घटक, असं लिहितो. तसं असेल तर खरं उत्तर दोन कोटी नसून पावणेसहा कोटी असेल आणि तू बरोबर प्लेट टाकून चुकीची ठेवली असशील. जर्नल लिहिताना हे तुला माहीत नव्हतं. तुला जे उत्तर यायला हवंसं वाटत होतं, त्याच्याशी जुळणारी प्लेट तू ठेवलीस. माझी खरी हरकत इथे आहे.

दोघींपैकी खरी कोण हे ठरवायला तिसरी साक्ष हवी होती, आणि ती तुझ्याकडे होती. मायनस थ्रीच्या ज्या प्लेट्ससमोर तू «मोजता येत नाहीत» लिहून सोडून दिलंस, त्यांतली एक मी काल कॉलनी काउंटरखाली ठेवली. काउंटरच्या काचेवर एक-एक सेंटिमीटरचे चौकोन आखलेले असतात, ते तू पाहिले आहेस. मध्यावरचे आणि कडेकडचे मिळून पाच चौकोन मोजले: २७, ३४, ३०, ३६, २९. सरासरी ३१. प्लेट ९ सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे साधारण ६४ चौकोनांची. ३१ गुणिले ६४, १,९८४. अंदाजे दोन हजार कॉलन्या. मायनस फोरला २०० असतील तर मायनस थ्रीला बरोबर इतक्याच हव्यात. पावणेसहा कोटी खरे असते तर चौकोनात नव्वदच्या आसपास दिसल्या असत्या. इतक्या गर्दीत काही कॉलन्या एकमेकींत मिसळून मोजणी थोडी कमी येते हे खरं, पण नव्वदच्या एकतीस होत नाहीत. आणि मायनस थ्रीपासून मायनस फोरपर्यंत बरोबर दहापट उतार आहे, मग पुंजके नेमके पुढच्या एकाच पायरीला सुटले असं मानायला आधार राहत नाही. थोडक्यात, तुझं उत्तर बरोबर आहे. ते बरोबर का आहे, हे मात्र काल मी शोधलं, आणि ते तुझ्या जर्नलमध्ये असायला हवं होतं.

मोजता न येणाऱ्या प्लेटचा असा अंदाज उत्तर म्हणून देत नाहीत, हे लक्षात ठेव. त्याचा उपयोग फक्त दोन मोजलेल्या आकड्यांत वाद असेल तेव्हा कौल लावायला.

तुझा प्रश्न असा की चुकलेली रीडिंग्ज लिहायची नसतात ना. लिहायची असतात. उत्तरात धरायची की नाही, हे त्यानंतर ठरतं, आणि त्यालाही नियम आहे. लागोपाठच्या दोन डायल्यूशनच्या प्लेट्स ३० ते ३०० मध्ये बसल्या, तर दोन्हींवरून वेगवेगळं उत्तर काढायचं. मोठं उत्तर लहानाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर दोघांची सरासरी घ्यायची. दुपटीहून जास्त असेल तर लहान उत्तर द्यायचं आणि तसं नमूद करायचं. दूध आणि पाणी तपासण्याच्या जुन्या प्रमाण पद्धतींतला हा नियम आपल्या मॅन्युअलच्या त्याच प्रयोगाखाली दिलेला आहे. तुझ्या आकड्यांना लावून बघ. मायनस फोरवरून १.९८५ कोटी, मायनस फाइव्हवरून ५.७५ कोटी. मोठं उत्तर लहानाच्या २.९ पट. म्हणजे नियमाने लहान उत्तर द्यायचं. तू न लपवता, सगळे आकडे मांडून गेली असतीस तरी याच उत्तरावर पोचली असतीस, आणि पाचही मार्क तुझे असते.

उरला एक मार्क. १,९८,५०,००० हे कॅल्क्युलेटरने दिलेलं आहे. प्लेट्सनी एवढं बारीक काही सांगितलेलं नाही. दोन प्लेट्स मिळून तू ३९७ कॉलन्या मोजल्यास. त्याचं वर्गमूळ साधारण २०, म्हणजे ५ टक्के. दोन्हीकडे त्याच्या दुप्पट सोडली तर खरा आकडा १.८ ते २.२ कोटींमध्ये कुठेही असू शकतो, आणि यात पिपेटची चूक अजून धरलेली नाही. मग «पन्नास हजार» कुठून आले? उत्तर असं लिहायचं:

१९८.५ ÷ (०.१ × १०⁻⁴) = १.९८५ × १०⁷, म्हणजे २.० × १०⁷ सीएफयू प्रति मिलिलिटर

दोन अंक पुरे. दुधाची प्रत ठरवायलाही याहून जास्त लागत नाही. कच्च्या दुधात मिलिलिटरला ५० लाखांच्या वर गेलं की ते खालच्या प्रतीचं धरतात, आणि हे दूध दोन कोटींवर असो की पावणेसहा, त्याच्या कितीतरी पुढे आहे. तू निष्कर्षात लिहिलेलं «दूध पिण्यास अयोग्य» हे वाक्य मात्र खोड. सुटं दूध लोक उकळून पितात, आणि नुसत्या एकूण काउंटवरून त्यात रोगजंतू आहेत की नाहीत ते कळत नाही. त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात. त्यांतली कोलिफॉर्मची, म्हणजे दूध घाणीने दूषित झाल्याची खूण दाखवणाऱ्या बॅक्टेरियाची, तपासणी आपण दिवाळीनंतर करणार आहोत. याचे मी मार्क कापले नाहीत, कारण मॅन्युअलमधला नमुना निष्कर्षच तसा लिहिलेला आहे. तो मला बदलायला हवा.

आता पुढचं. रीडिंग्ज वगळल्याचे पाच मार्क परत येणार नाहीत. पिपेटचे तीन येतील, कारण ती चूक तू त्याच दिवशी, स्वतःहून, रफ बुकात लिहिली होतीस, आणि ती नोंद जर्नलमध्ये आली की पद्धत पूर्ण होते. जर्नलला एक जोडपान लाव. त्यावर सहाही डायल्यूशनचा पूर्ण तक्ता दे, कंट्रोलसकट. मायनस वन आणि टू तू प्लेटवर घातल्याच नव्हत्यास, तर तिथे «प्लेट केली नाही» असं लिही, रिकामी जागा सोडू नकोस. पेन्सिलची ओळ शाईने उतरव. ०.०१९ मिलिलिटरचा हिशोब माझ्या या उत्तरावरून न उतरवता स्वतः कर, आणि मायनस थ्रीच्या दुसऱ्या प्लेटचे पाच चौकोन तू मोज. ती मी मोजलेली नाही. तुझा आकडा माझ्याशी जुळला नाही तर तोही तसाच लिही.

आणखी एक करून बघायला मला आवडेल, आणि तुझी तयारी असेल तर सलाइनच्या ट्यूब मी तयार ठेवते. त्याच गोठ्याचं दूध पुन्हा आणायचं, मायनस फोरपर्यंत प्रत्येक पायरीला नवं पिपेट वापरायचं, आणि तिथून मायनस फाइव्ह दोनदा करायचं: एकदा नव्या पिपेटने, एकदा मायनस टूमध्ये बुडवलेल्या. दोन्हींच्या दोन-दोन प्लेट्स. मायनस फोरच्या प्लेट्स मात्र बुडवलेलं पिपेट त्या ट्यूबमध्ये जायच्या आधी पसरून घे, नाहीतर तिच्यातही भर पडेल. दूध सकाळी आणलं तर बर्फात ठेवून आण. धायरीहून कॉलेजपर्यंत येईतो या उकाड्यात काउंट वाढत असतो, आणि मग मागच्या वेळच्या आकड्याशी तुलना करता येणार नाही.

प्लेट्स शुक्रवारी ऑटोक्लेव्हला जातील. त्याआधी, गुरुवारी दोननंतर मी लॅबमध्येच आहे. तुझी मायनस थ्रीची दुसरी प्लेट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, डाव्या बाजूला, उलटी ठेवलेली आहे.